राज्याच्या कर्जमर्यादेचा गावातल्या रस्त्याशी संबंध काय?

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेलेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘काम मंजूर आहे, पण बीडीएस निघालेला नाही.’ म्हणजे त्या कामासाठीचा निधी अजून वितरित झालेला नाही. काम मंजूर होते म्हणजे अर्थसंकल्पात त्यासाठी तरतूद असते, आणि तरतूद आहे म्हणजे पैसेही असणारच, असा आपला साधा समज असतो. तो समज चुकीचा का आहे, हे समजून घेण्यासाठी ग्रामपंचायतीपासून वर जाऊन चालत नाही. दिल्लीत ठरणाऱ्या एका टक्केवारीपासून खाली यावे लागते. ती टक्केवारी म्हणजे राज्य सरकारने एका वर्षात किती कर्ज काढावे याची मर्यादा. ही मर्यादा आणि गावातला रस्ता यांच्यामध्ये चार-पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा समजण्यासारखा आहे.

आधी दोन तुटींमधला फरक पाहू. राज्याला कर, केंद्राकडून मिळणारा करांचा वाटा आणि अनुदाने यांतून जे उत्पन्न मिळते ते महसुली उत्पन्न. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने असा जो नित्याचा खर्च असतो तो महसुली खर्च. हा खर्च त्या उत्पन्नापेक्षा जास्त झाला की महसुली तूट निर्माण होते. याखेरीज रस्ते, धरणे, इमारती यांवरचा भांडवली खर्च असतो. तो आणि राज्याने इतरांना दिलेली कर्जे मिळवून एकूण खर्च काढला, आणि त्यातून कर्ज सोडून आलेला सगळा पैसा वजा केला, की जी रक्कम उरते ती राजकोषीय तूट. थोडक्यात, राजकोषीय तूट म्हणजे त्या वर्षी सरकारला नव्याने जितके कर्ज काढावे लागणार आहे तो आकडा. म्हणूनच मर्यादा घातली जाते ती या आकड्यावर.

महाराष्ट्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली उत्पन्न सुमारे 5 लाख 61 हजार कोटी रुपये आणि महसुली खर्च सुमारे 6 लाख 7 हजार कोटी रुपये धरला होता. म्हणजे महसुली तूट जवळपास 46 हजार कोटींची. भांडवली खर्च मिळवल्यावर राजकोषीय तूट 1 लाख 36 हजार कोटींच्या घरात गेली. त्या वर्षाचे स्थूल राज्य उत्पन्न, म्हणजे राज्यात वर्षभरात निर्माण होणाऱ्या वस्तू आणि सेवांचे एकूण मूल्य, सुमारे 49 लाख 39 हजार कोटी धरले होते. त्याच्या प्रमाणात तूट साधारण 2.76 टक्के होते. हा शेवटचा आकडाच दिल्लीत पाहिला जातो.

दिल्लीला हा अधिकार कुठून मिळाला? राज्यघटनेच्या अनुच्छेद 293 नुसार राज्याला आपल्या एकत्रित निधीच्या तारणावर देशांतर्गत कर्ज काढता येते आणि त्याची मर्यादा विधिमंडळ ठरवू शकते. परंतु त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात एक अट आहे : राज्याकडे केंद्राच्या कर्जाची काही रक्कम बाकी असेल, तर नवे कर्ज काढण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यावी लागते, आणि चौथ्या खंडानुसार केंद्र त्या संमतीला शर्ती जोडू शकते. बहुतेक सर्व राज्यांकडे केंद्राचे काही ना काही कर्ज बाकी असते, त्यामुळे ही अपवादात्मक वाटणारी अट प्रत्यक्षात दरवर्षीचा नियम झाली आहे. केंद्राचे अर्थमंत्रालय वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक राज्याची निव्वळ कर्जमर्यादा कळवते. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार ती 2021-22 मध्ये राज्य उत्पन्नाच्या 4 टक्के, 2022-23 मध्ये 3.5 टक्के आणि 2023-24 पासून 2025-26 पर्यंत 3 टक्के होती. वीज क्षेत्रातील सुधारणा करणाऱ्या राज्यांना 2024-25 पर्यंत आणखी अर्ध्या टक्क्याची सवलत होती. याखेरीज महाराष्ट्राने स्वतःही 2005 च्या राजकोषीय उत्तरदायित्वाच्या कायद्याने तूट आटोक्यात ठेवण्याचे बंधन स्वीकारलेले आहे.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. महाराष्ट्र कर्जात बुडालेला आहे, असे चित्र वारंवार रंगवले जाते. मार्च 2026 अखेर राज्याचे एकूण कर्ज 9 लाख 32 हजार कोटी होईल असा अर्थसंकल्पाचा अंदाज होता. आकडा प्रचंड वाटतो, पण राज्य उत्पन्नाच्या तुलनेत तो 19 टक्क्यांच्या आतच बसतो आणि अनेक राज्यांची स्थिती याहून कितीतरी बिकट आहे. माझ्या मते अडचण साचलेल्या कर्जाच्या डोंगरात नाही. ती आहे एका वर्षात नव्याने मिळू शकणाऱ्या पैशाच्या छतात, आणि त्या छताखाली हलवता येण्याजोगा खर्च किती थोडा उरला आहे यात.

हे छत किती जवळ आहे ते पाहू. वरच्या आकड्यांवरून 3 टक्के म्हणजे साधारण 1 लाख 48 हजार कोटी. तूट धरली होती 1 लाख 36 हजार कोटी. मधली जागा फक्त 12 हजार कोटींची. आता 2025 च्या पावसाळी अधिवेशनात मांडल्या गेलेल्या पुरवणी मागण्या आठवा : त्या 57 हजार कोटींहून अधिक होत्या. पुरवणी मागणीतली प्रत्येक रक्कम तिजोरीतून नव्याने बाहेर पडत नाही. काही पैसे केंद्राकडून येतात, काही नोंदी केवळ समायोजनाच्या असतात. तो भाग वजा केल्यावरही निव्वळ भार सुमारे 40 हजार कोटींचा होता. बारा हजारांच्या जागेत चाळीस हजार बसत नाहीत. मग एकतर उत्पन्न अंदाजापेक्षा बरेच वाढले पाहिजे, नाहीतर अर्थसंकल्पात लिहिलेला दुसरा काही खर्च झाला नाही पाहिजे. विधिमंडळात मागण्या मंजूर होतात तेव्हा कोणता खर्च होणार नाही, याची यादी कुणी वाचून दाखवत नाही. ती यादी पुढच्या महिन्यांत वित्त विभागाच्या निधीवितरणातून आपोआप तयार होते.

कोणता खर्च टाळता येत नाही, हे पाहिले की उरलेला ओळखता येतो. व्याज चुकवता येत नाही. 2025-26 मध्ये त्यावर सुमारे 65 हजार कोटी जायचे होते. पगार आणि निवृत्तिवेतन दरमहा द्यावेच लागते. ज्या योजनांचा पैसा थेट लोकांच्या बँक खात्यात जातो त्या थांबवणे राजकीयदृष्ट्या अवघड असते; एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी त्या वर्षी 36 हजार कोटींची तरतूद होती. त्या योजनेच्या गुणदोषांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. मुद्दा इतकाच आहे की हप्ता एक महिना चुकला तर दोन कोटींहून अधिक महिलांना त्याच दिवशी कळते, आणि जिल्हा परिषदेच्या रस्त्याचा निधी चार महिने उशिरा आला तर तो रस्ता वापरणाऱ्या तीन गावांनाही उशिराचे कारण कळत नाही. ज्याच्या कपातीचा आवाज होत नाही तो खर्च आधी कापला जातो, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना जाणाऱ्या पैशाचा मोठा भाग नेमका या बिनआवाजी खर्चात मोडतो.

मात्र सगळा नाही. स्थानिक संस्थांकडे येणारा पैसा एकाच नळातून येत नाही आणि प्रत्येक नळावर कर्जमर्यादेचा परिणाम वेगळा होतो. हा भेद न केल्यामुळे ग्रामसभेत आणि वर्तमानपत्रांतही फार गोंधळ होतो.

सर्वांत सुरक्षित पैसा केंद्रीय वित्त आयोगाच्या अनुदानाचा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशभरातील स्थानिक संस्थांना 4 लाख 36 हजार कोटी रुपयांची शिफारस केली होती. महाराष्ट्रात त्यातल्या ग्रामीण अनुदानाचा 80 टक्के भाग ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी 10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला जात असे. हा पैसा केंद्राकडून राज्याच्या खात्यात आल्यावर दहा कामाच्या दिवसांत पुढे पाठवायचा असतो आणि उशीर झाल्यास राज्याला व्याजासह द्यावा लागतो. तो जितका येतो तितकाच जातो, त्यामुळे राज्याच्या तुटीवर त्याचा परिणाम होत नाही आणि तूट वाढली म्हणून तो अडवून ठेवण्यातही राज्याचा फायदा नसतो. हा पैसा थांबला तर कारण बहुधा दुसरे असते : लेखे ऑनलाइन भरलेले नसतात, किंवा संस्थेवर निवडून आलेली समिती नसते. महाराष्ट्रातील अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर 2022 पासून काही वर्षे प्रशासक होते, आणि वित्त आयोगाच्या अनुदानाला निर्वाचित संस्थेची अट आहे. त्या काळातील अडलेल्या अनुदानाचा दोष राज्याच्या तुटीकडे देणे योग्य नाही.

दुसरा, बऱ्यापैकी सुरक्षित पैसा महापालिकांच्या नुकसानभरपाईचा. वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 रोजी लागू झाला तेव्हा मुंबईची जकात आणि इतर महापालिकांचा स्थानिक संस्था कर संपला. त्याची भरपाई देण्यासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला. त्यात 2016-17 चे उत्पन्न पाया धरून दरवर्षी 8 टक्के चक्रवाढ मिळण्याची तरतूद आहे आणि रक्कम दरमहा दिली जाते. कायद्याने बांधलेली असल्यामुळे ही रक्कम वित्त विभागाला सहज कमी करता येत नाही. मात्र त्याचा परिणाम राज्याच्या बाजूने पाहण्यासारखा आहे. केंद्राने राज्यांना दिलेली भरपाई जून 2022 मध्ये पाच वर्षे पूर्ण होताच संपली, तर राज्याने महापालिकांना द्यायची भरपाई चालूच आहे आणि दरवर्षी वाढते आहे. तो भार आता राज्याच्या स्वतःच्या उत्पन्नावर आहे. महापालिकांचे संरक्षण जितके पक्के, तितका छताखालचा ताण उरलेल्यांवर अधिक, आणि हे उरलेले म्हणजे मुख्यतः जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती आणि लहान नगरपरिषदा. हा असमतोल फारसा बोलला जात नाही, आणि मला तो या सगळ्या रचनेतला सर्वांत अन्यायाचा भाग वाटतो.

तिसरा पैसा आहे राज्याने गोळा केलेला पण मुळात स्थानिक संस्थांचा असलेला. ग्रामीण भागात जमीन किंवा घराची खरेदी-विक्री होते तेव्हा मुद्रांक शुल्काबरोबर 1 टक्का अधिभार घेतला जातो. त्यातला अर्धा जिल्हा परिषदेचा आणि अर्धा ग्रामपंचायतींचा असतो. जमीन महसुलावरील उपकराचेही असेच. लोकांनी भरलेली ही रक्कम आधी राज्याच्या तिजोरीत जाते आणि तिथून ‘मुद्रांक शुल्क अनुदान’ म्हणून परत येते. एकदा अनुदान झाले की ती इतर खर्चाच्या रांगेत उभी राहते. वसुली झाली त्याच वर्षी ती परत देण्याची सक्ती नसल्यामुळे थकबाकी साचते. 2025 च्या ज्या पुरवणी मागण्यांचा उल्लेख वर केला, त्यांतही या अधिभाराच्या परताव्यासाठीची तरतूद होती. संस्थांचा हक्काचा पैसा परत करण्यासाठी पुरवणी मागणी लागते, यावरूनच त्या पैशाचे काय होत होते ते दिसते. वाढत्या शहरांच्या कडेला असलेल्या ग्रामपंचायतींमध्ये, जिथे प्लॉटची विक्री भरपूर होते, हीच रक्कम स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा असते, आणि तिथे या उशिराचा फटका सर्वांत जास्त बसतो.

चौथा पैसा म्हणजे योजना आणि विकासकामांचा निधी : जिल्हा वार्षिक योजनेतून येणारे रस्त्यांचे 3054 आणि 5054 हे लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातले खर्चाचे खाते, गावांतर्गत मूलभूत सुविधांचे 2515, शहरांसाठी नगरोत्थान. कर्जमर्यादेचा सर्वांत मोठा झटका इथे बसतो. हे कसे घडते ते नीट पाहिले पाहिजे, कारण कपातीचा आदेश क्वचितच निघतो.

विधिमंडळाने अर्थसंकल्प मंजूर केला म्हणजे खर्च करण्याची परवानगी मिळाली. रोख रक्कम मिळाली नाही. रोख रक्कम किती आणि कधी सोडायची हे वित्त विभाग ‘बीम्स’ या संगणक प्रणालीतून ठरवतो. तरतूद 100 रुपयांची असली तरी प्रणालीत 40 रुपयेच वितरित झाले, तर 41 व्या रुपयाचे देयक कोषागारात स्वीकारलेच जात नाही. क्षेत्रीय कार्यालयांत ‘बीडीएस निघाला नाही’ असे म्हणतात ते याच अर्थाने. केंद्राची कर्जाची संमतीही एकदम मिळत नाही. साधारणपणे एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांसाठी एक रक्कम मंजूर होते आणि शेवटच्या तिमाहीची संमती राज्याचे हिशेब पाहून मग मिळते. त्या संमतीनुसार राज्य रिझर्व्ह बँकेमार्फत रोख्यांचा लिलाव करून पैसा उभारते. त्यामुळे वर्षअखेर आपल्या हाती नेमके किती येणार हे जानेवारीपर्यंत वित्त विभागालाही पक्के माहीत नसते, आणि जे सोडता येण्याजोगे आहे ते मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यापर्यंत रोखून ठेवणे हाच त्याला सुरक्षित मार्ग वाटतो. मार्चअखेरची जी धावपळ आपण कार्यालयांच्या आळसावर ढकलतो, तिचा उगम बऱ्याच अंशी इथे आहे.

उघड आदेश निघाल्याचे उदाहरणही आहे. टाळेबंदीत राज्याचे उत्पन्न कोसळल्यावर 4 मे 2020 रोजी वित्त विभागाने शासन निर्णय काढून त्या वर्षी विकास योजनांसाठी तरतुदीच्या 33 टक्केच निधी मिळेल असे जाहीर केले आणि नवी कामे हाती घेण्यास मनाई केली. त्याच महिन्यात केंद्राने कर्जमर्यादा 3 वरून 5 टक्क्यांवर नेली, पण वाढीव 2 टक्क्यांचा मोठा भाग अटींना बांधलेला होता. त्यांतली पाव टक्क्याची अट थेट नगरपालिकांशी संबंधित होती : मालमत्ता कराचे किमान दर जमिनीच्या सरकारी मूल्यांकनाशी जोडायचे आणि पाणी व सांडपाण्याच्या सेवेचे किमान दर अधिसूचित करायचे. गोव्यासारख्या काही राज्यांनी ही अट पूर्ण करून जादा कर्जाची परवानगी मिळवली. राज्याच्या कर्जाच्या बदल्यात नगरपालिकेच्या करदरांवर अट येऊ शकते, हे त्या वर्षी पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे दिसले.

आता एका जिल्हा परिषदेचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पद्धत मात्र खरी आहे. समजा, रस्त्यांच्या लेखाशीर्षाखाली वर्षाला 20 कोटींचा नियतव्यय, म्हणजे खर्चासाठी ठरवून दिलेली रक्कम, आहे. मागच्या वर्षी सुरू झालेल्या पण देणे बाकी असलेल्या कामांचे दायित्व 8 कोटी आहे. नियमानुसार आधी दायित्व वजा करायचे आणि उरलेल्या 12 कोटींच्या दीडपट, म्हणजे 18 कोटींची नवी कामे मंजूर करायची. दीडपट नियोजन ठेवतात ते यासाठी की सगळी कामे एकाच वर्षात पूर्ण होत नाहीत आणि निधी पडून राहू नये.

पूर्ण 20 कोटी मिळाले आणि सगळी कामे झाली, तर एकूण देणे 26 कोटी, त्यातले 20 दिले, दायित्व उरले 6 कोटी. पुढच्या वर्षी 20 तून 6 वजा जाता 14, आणि त्याच्या दीडपट म्हणजे 21 कोटींची नवी कामे घेता येतात. गाडी सुरळीत चालते. आता समजा, वित्त विभागाने 20 ऐवजी 12 कोटीच सोडले. देणे 26 कोटीच आहे, दिले 12, दायित्व उरले 14 कोटी. पुढच्या वर्षी पूर्ण 20 कोटी मिळाले तरी 14 वजा जाता हातात 6 कोटी राहतात आणि नवी कामे घेता येतात फक्त 9 कोटींची. एका वर्षीच्या 8 कोटींच्या कपातीने दुसऱ्या वर्षीची मंजुरी 21 कोटींवरून 9 कोटींवर आणली. ज्या वर्षी कपात झाली त्या वर्षी कुणाला काही कळले नाही, कारण कामांचे नारळ फुटले होते. फटका दिसला तो पुढच्या वर्षी, जेव्हा राज्याची स्थिती सुधारल्याचे सांगितले जात होते.

मधल्या काळात ते 14 कोटी कुणाच्या खिशातून गेले? ज्या ठेकेदाराने काम केले त्याच्या. मोजमाप पुस्तिकेत काम नोंदवलेले असते, देयक सादर झालेले असते, फक्त पैसे मिळालेले नसतात. इथे या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत महत्त्वाची गोम आहे. सरकारचा हिशेब रोखीवर ठेवला जातो. पैसा प्रत्यक्ष बाहेर पडला की खर्च नोंदवला जातो. न दिलेले देयक हे खरे पाहता सरकारचे देणेच आहे, पण ते राजकोषीय तुटीत दिसत नाही. 31 मार्चला थांबवलेले बिल त्या वर्षीची तूट तेवढ्याने कमी दाखवते. म्हणजे मर्यादा पाळली गेली असे कागदावर दिसते आणि प्रत्यक्षात सरकारने ठेकेदाराकडून बिनव्याजी उसने घेतलेले असते. मोठा ठेकेदार बँकेकडून खेळते भांडवल घेऊन तग धरतो आणि पुढच्या निविदेत उशिराची किंमत मिळवतो. छोटा स्थानिक ठेकेदार काम अर्धवट सोडतो किंवा माल हलका वापरतो. खडी पसरून वर्षभर तसाच पडलेला रस्ता दिसला, तर भ्रष्टाचाराचा संशय घेण्याआधी त्या कामाला निधी किती वितरित झाला हे विचारून पाहावे.

राज्याने ही मर्यादा टाळण्यासाठी महामंडळांच्या नावावर कर्ज काढण्याचा मार्ग अनेक वर्षे होता. मार्च 2022 मध्ये केंद्राने कळवले की ज्या कर्जाचे मुद्दल किंवा व्याज राज्याच्या अर्थसंकल्पातून फेडले जाते, ते राज्याचेच कर्ज समजून मर्यादेत धरले जाईल. याच मुद्द्यावर केरळ सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1 एप्रिल 2024 रोजी न्यायालयाने अनुच्छेद 293 च्या अर्थाचा प्रश्न घटनापीठाकडे सोपवला. महापालिकेने स्वतःची पत वापरून काढलेले आणि स्वतःच्या उत्पन्नातून फेडायचे कर्ज यात येत नाही. पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटींचे रोखे 7.59 टक्के दराने विकले ते अशा स्वरूपाचे होते. पण ज्या नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न पगारालाही पुरत नाही आणि जिला जकात बंद झाल्यापासून राज्याच्या सहायक अनुदानावर अवलंबून राहावे लागते, तिच्यासाठी हा मार्ग नाही.

केंद्राकडून राज्यांना भांडवली कामांसाठी 50 वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज 2020-21 पासून मिळते आणि ते नेहमीच्या मर्यादेबाहेर धरले जाते. या पैशाने मोठे प्रकल्प होतात हे खरे, पण कामांची यादी राज्य आणि केंद्र यांच्यात ठरते, जिल्हा नियोजन समितीत नाही. मर्यादेत बसणारा, स्थानिक पातळीवर ठरणारा पैसा आक्रसत जातो आणि मर्यादेबाहेरचा, वरून ठरणारा पैसा वाढतो, ही दिशा माझ्या मते काळजीची आहे; कारण त्यामुळे 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने ज्यांना अधिकार दिले, त्या संस्थांकडे केवळ अंमलबजावणी उरते. राज्य वित्त आयोगाने दर पाच वर्षांनी राज्याच्या उत्पन्नातला स्थानिक संस्थांचा वाटा सुचवायचा असतो, परंतु त्याच्या शिफारशी राज्य शासनावर बंधनकारक नाहीत, आणि ज्या शिफारशीने शासनाची मोकळीक कमी होते ती स्वीकारली जाण्याची शक्यताही तितकीच कमी असते.

आपल्या गावाचे किंवा शहराचे काम का अडले हे शोधायचे असेल, तर पहिला प्रश्न पैसा कोणत्या नळाचा हा आहे. वित्त आयोगाचा असेल तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर ग्रामपंचायतीच्या नावाने जमा आणि खर्च दिसतो, आणि जमाच नसेल तर अट कोणती अपुरी आहे हे गटविकास अधिकाऱ्यांना विचारता येते. राज्याच्या योजनेचा असेल तर बीम्सच्या संकेतस्थळावर लेखाशीर्षनिहाय तीन रकाने असतात : अर्थसंकल्पित, वितरित आणि खर्च. वितरित आणि खर्च हे दोन आकडे जवळपास सारखे असून दोन्ही अर्थसंकल्पितपेक्षा बरेच कमी असतील, तर अडचण मंत्रालयात आहे. वितरित मोठा आणि खर्च छोटा असेल, तर अडचण जिल्ह्यात आहे : निविदा, तांत्रिक मान्यता, जागेचा वाद, असे काहीतरी. जिल्हा परिषदेला राज्याच्या योजनेचा निधी खर्च करण्यासाठी सहसा पुढच्या वर्षाच्या मार्चपर्यंत मुदत असते आणि अखर्चित रक्कम शासनाकडे परत जाते. म्हणून मार्चच्या शेवटच्या दिवसांत आलेला निधी किती आणि मुदतीत परत गेलेला किती, हे दोन आकडे एकत्र मागावेत. आणि जिल्हा नियोजन समितीत किंवा ग्रामसभेत लोकप्रतिनिधींनी मंजूर कामांची यादी वाचून दाखवली, तर त्या लेखाशीर्षाचे चालू वर्षाचे दायित्व किती आहे तेही विचारावे. नियतव्यय 20 कोटी आणि दायित्व 14 कोटी असेल, तर त्या यादीतली फार थोडी कामे या वर्षी पूर्ण होऊ शकतात, हे तिथल्या तिथे कळते.